'प्रेम धीर धरते, अपकार स्मरत नाही...' बायबलमधलं हे वचन नेमकं कुठलं? पुस्तक, अध्याय, वचन क्रमांक हवा आहे

शाईची_बाटली

नमस्कार मंडळी. एका निवृत्त परिचारिकाबाईंच्या आठवणींचं हस्तलिखित सध्या माझ्याकडे संपादनाला आहे. बाई मिशनच्या दवाखान्यात आयुष्यभर नोकरीला होत्या, आता हयात नाहीत, त्यामुळे त्यांना विचारता येत नाही. त्यांच्या मुलांना पुस्तक काढायचंय आणि जिथेजिथे बायबलचं वचन आलंय तिथे तळटीप हवी आहे असं त्यांचं म्हणणं. बाकीची बहुतेक सापडली कारण बाईंनीच कंसात संदर्भ दिलेत, पण एका ठिकाणी दिलेला नाही. उतारा जसाच्या तसा देते:

"रात्रपाळीवरून दोघी सिस्टरांचे बोलणे बंद झाले होते. मी दोघींना चादरी ठेवायच्या खोलीत बसवले आणि पौलाचे वचन म्हणून दाखवले, की प्रेम धीर धरते, परोपकारी असते, अपकार स्मरत नाही आणि पापांची रास झाकून टाकते. दोघी रडल्या. ड्युटीचा तक्ता मी तसाच ठेवला."

मी ख्रिश्चन नाही, बायबल घरात नाही. मोबाईलवर मराठी बायबलचं ॲप घेऊन त्यात 'प्रेम धीर' असं शोधलं तर काहीच येत नाही, आणि नुसतं 'प्रेम' शोधलं की भलतीच वचनं येतात. इंग्रजीत 'लव्ह इज पेशंट' असं काहीतरी आहे एवढं लग्नाच्या कार्डांवर वाचलेलं आठवतंय. कुणी नेमकं सांगू शकेल का? छापायचं आहे, त्यामुळे अंदाजे नको, पुस्तक-अध्याय-वचन असं पक्कं हवंय.

सह्याद्री_सुत

हे येशूचं वाक्य आहे, डोंगरावरचं प्रवचन, मत्तय अध्याय ५. आमच्या शाळेत प्रार्थनेला असायचं, शत्रूवर प्रेम करा वगैरे त्याच्याच आगेमागे आहे.

वसईची_केळी

सुत भाऊ, शत्रूवर प्रीती करा ते मत्तय ५:४४ बरोबर आहे, पण हे वाक्य तिथलं नाही. आणि बाईंनी स्वतःच लिहिलंय ना 'पौलाचे वचन' म्हणून, म्हणजे शुभवर्तमानात शोधायचंच नाही, पत्रांमध्ये शोधायचं.

ताई, हे करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १३. मी आमच्या चर्चमध्ये वाचक आहे, लग्नाच्या मिस्सात पहिलं किंवा दुसरं वाचन म्हणून जोडपी हेच मागतात. आमच्याकडे ते १२:३१ पासून सुरू करून १३:८ च्या अर्ध्यावर थांबवतात, 'प्रीती कधी अंतर देत नाही' इथे. १२:३१ पासून का, तर तिथे पौल म्हणतो की मी तुम्हाला याहून उत्तम मार्ग दाखवतो आणि मग तेरावा सुरू होतो, तो दुवा तोडला तर वाचन अधांतरी वाटतं. लग्नाशिवाय रविवारीही येतं, तीन वर्षांच्या चक्रात क वर्षाच्या सामान्य काळातल्या चौथ्या रविवारी. तुम्हाला हवं ते वचन १३:४.

गुलमोहर_पिंपरी

अरे वा नेमका धागा!! माझ्या भावाचं लग्न आहे, वहिनी ख्रिश्चन आहे, पत्रिकेवर बायबलचं प्रेमाबद्दलचं वचन टाकायचं असं ठरलंय. छापखान्यातून प्रूफ आलंय त्यात लिहिलंय 'पूर्ण प्रीती भीती घालवून देते' आणि खाली योहान ४:१८. हे आणि वरचं वचन एकच का? म्हणजे दोन्ही टाकू का एकच टाकू? आणि पत्रिकेत फाँट कुठला चांगला दिसेल?

नगरची_वेस

गुलमोहर, छापू नका, थांबा. ते १ योहान ४:१८ आहे, म्हणजे योहानाचं पहिलं पत्र. नुसतं 'योहान ४:१८' लिहिलं की ते योहानाचं शुभवर्तमान होतं आणि तिथे येशू विहिरीवरच्या शोमरोनी बाईला सांगतोय की तुला पाच नवरे झाले आणि आता जो आहे तो तुझा नवरा नाही. वहिनींच्या घरचे पाहुणे घरी जाऊन बायबल उघडून बघणार हे धरून चाला. पुढचा १ चा आकडा टाकायला सांगा आणि दुसऱ्या प्रूफवर स्वतः बघा.

आता मूळ प्रश्न. वसईकर म्हणतात ते अध्यायापुरतं बरोबर आहे. पण ताई, बाईंचं अख्खं वाक्य १३:४ मध्ये नाही. मी पाळकाच्या घरातली, लहानपणी हा अध्याय पाठ करून घेतला होता, त्यामुळे वाचताक्षणी शेवटचा तुकडा खटकला. आधी बायबल सोसायटीच्या मराठी बायबलमधून, म्हणजे आम्ही ज्याला पवित्र शास्त्र म्हणतो त्यातून, ४ थं वचन देते:

"प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, प्रीती हेवा करत नाही, प्रीती बढाई मारत नाही, फुगत नाही"

बघा, 'परोपकारी' शब्द जुळला. 'अपकार स्मरत नाही' हे पुढच्या, ५ व्या वचनात आहे, गैरशिस्त वागत नाही, स्वार्थ पाहत नाही, चिडत नाही, अपकार स्मरत नाही, अशी ती ओळ जाते. म्हणजे इथवर ४ आणि ५ झालं.

तुमच्या ॲपमध्ये का सापडलं नाही ते पण यावरून कळेल. छापील बायबलमध्ये इथे 'प्रेम' नाहीच, 'प्रीती' आहे. बाई बोलताना प्रेम म्हणाल्या असणार. आणि 'प्रीती' शोधतानाही एक गोम आहे, जुन्या छपाईत 'प्रीति' ऱ्हस्व आहे आणि नवीनमध्ये दीर्घ, ॲपमध्ये कुठली आवृत्ती घातलीय त्यावर निकाल येतो किंवा येत नाही. दोन्ही टाकून बघा. त्याहून सोपं म्हणजे वाक्यातला सगळ्यात दुर्मिळ शब्द शोधायचा, इथे 'परोपकारी' किंवा 'अपकार'. प्रेम, देव, विश्वास असले शब्द शेकड्यांनी येतात, त्यातून काही हाती लागत नाही.

शाईची_बाटली

खूपच आभार वेसताई! 'अपकार' टाकून पाहिलं, खरंच आलं, करिंथ १३:५. मग 'पापांची रास' कुठे आहे? मी पूर्ण १३ वा अध्याय वाचला, १३ च वचनं आहेत, त्यात रास कुठेच नाही.

ओहायोचा_पक्या

इकडे अमेरिकेत हे वाक्य भिंतीवरच्या पाट्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर, सगळीकडे आहे, पण लोकांना संदर्भ विचारला तर निम्मे बायबल म्हणतात आणि निम्मे शेक्सपिअर. इंग्रजीत पण तोच घोळ होतो जो ताईंचा ॲपमध्ये झाला. 'लव्ह इज पेशंट' हे शब्द आधुनिक भाषांतरांतले आहेत. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये शोधलं तर शून्य निकाल, कारण तिथे 'चॅरिटी सफरेथ लाँग, अँड इज काइंड' असं आहे, ना लव्ह ना पेशंट. गंमत म्हणजे त्याच्याआधी १५२६ ला टिंडेलने लव्हच वापरलं होतं. आमच्या शेजारच्या आजी किंग जेम्सवाल्या, त्यांच्या पाठांतरात चॅरिटीच आहे, नातवंडांच्या लव्ह, आणि दोघांनाही आपण वेगवेगळं वचन म्हणतोय असं वाटत होतं. म्हणून अर्धवट आठवणारं वाक्य शोधताना आधी माणूस कुठल्या काळातलं, कुठल्या चर्चचं बायबल वाचायचा हे बघावं लागतं.

आणि १९९७ ला डायनाच्या अंत्यविधीला टोनी ब्लेअरनी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये हाच अध्याय वाचला होता, टीव्हीवर सगळ्या जगाने ऐकला. त्यामुळे बऱ्याच बिगरख्रिश्चन लोकांच्या डोक्यात तो तिथून बसलाय असं मला वाटतं.

रासचं मला माहीत नाही. १३:७ मध्ये प्रेम सगळं झाकतं असं काहीतरी आहे ना? ग्रीकमध्ये तिथे जे क्रियापद आहे त्याचं नातं छपराशी आहे असं आमच्या बायबल स्टडीत सांगितलं होतं.

सोनचाफा७२

मला वाटतं गलतीकरांस ५:२२ आहे हे. आत्म्याचं फळ. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा... प्रीती आणि सहनशीलता दोन्ही एकाच ओळीत आहेत. आणि पौलाचंच पत्र आहे. आमच्या होस्टेलच्या जेवणघरात मोठ्या अक्षरात होतं.

नगरची_वेस

सोनचाफा, ते वचन तुम्हाला अगदी बरोबर आठवतंय आणि पौलाचंच आहे, पण तिथे प्रीती आणि सहनशीलता या यादीतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रीती सहनशील *आहे* असं तिथे म्हटलेलं नाही. तसंच इफिसकरांस ४:२ आहे, तिथे सहनशीलतेने एकमेकांना प्रीतीने वागवून घ्या असं आहे, आणि कलस्सैकरांस ३:१२ ते १४, तिथे सहनशीलता परिधान करा आणि या सगळ्यांवर प्रीती परिधान करा. पौलाच्या पत्रांत ही जोडी वारंवार येते, म्हणून घोळ होतो. ओळखायचं कसं, तर वाक्याचा कर्ता बघायचा. प्रीती स्वतः काहीतरी करते किंवा करत नाही, आणि तशी माळच्या माळ लागलीय, असं फक्त करिंथकरांस १३ मध्ये आहे. बाईंच्या वाक्यात प्रेमच धीर धरतं, प्रेमच अपकार स्मरत नाही. म्हणजे गलती आणि इफिस बाद.

आता रास. ताई, ते पौलाचं नाहीच. ते १ पेत्र ४:८, "प्रीती पापांची रास झाकून टाकते". शब्दन् शब्द तेच आहे, 'रास' पण आणि 'झाकून टाकते' पण, म्हणून मला खात्री आहे. पेत्राच्या पत्रात ते आलंय ते सुद्धा जुन्या करारातल्या नीतिसूत्रे १०:१२ वरून, तिथे द्वेषाने भांडणं उठतात आणि प्रीती सगळे अपराध झाकते अशा अर्थाचं आहे. आणखी एक ठिकाण तपासायला हवं ते याकोब ५:२०, तिथेही पापांची रास झाकण्याची गोष्ट आहे, पण तिथे झाकणारा माणूस आहे, जो दुसऱ्याला चुकीच्या वाटेवरून परत आणतो तो. प्रीती तिथे कर्ता नाही. म्हणून याकोब पण बाद.

तर बाईंनी एकाच दमात म्हटलेलं वाक्य दोन पत्रांतलं आहे. पहिला भाग १ करिंथ १३, शेवटचा १ पेत्र ४:८.

पक्या, १३:७ चं तुम्ही म्हणता ते मी पण ऐकलंय, पण मराठी बायबलमध्ये तिथे 'सर्व काही सहन करते' असं आहे. बाई मराठीत वाचणाऱ्या, त्यांनी 'रास' हा शब्द सातव्या वचनातून उचलला असणं शक्य नाही.

वसईची_केळी

रासचं पटलं, १ पेत्र ४:८ उघडून बघितलं मी. पण मग वेसताई एक सांगा, १३:७ चा विषय काढलाच आहे तर 'धीर धरते' हे पण बघा की. तुम्ही दिलेल्या ४ थ्या वचनात 'सहनशील' आहे, धीर नाही. आणि तुमच्याच पवित्र शास्त्रात ७ व्याचा शेवट काय आहे? 'सर्वांसंबंधाने धीर धरते'. म्हणजे बाईंचं 'प्रेम धीर धरते' हे ४ थं नसून ७ वं असू शकतं की.

नगरची_वेस

हो, हे बरोबर पकडलंत. सातवं वचन पूर्ण असं आहे, "ती सर्व काही सहन करते, सर्व काही खरे मानण्यास सिद्ध असते, सर्वांची आशा धरते, सर्वांसंबंधाने धीर धरते". शब्द बघितले तर धीर सातव्यातला. पण क्रम बघितला तर बाईंचं वाक्य धीर-परोपकार-अपकार असं जातं, जे ४, ४, ५ असं सरळ उतरतं, आणि सुरुवातीला ७ वं आणून मग ४ वर जाणं पाठांतराच्या माणसाकडून होत नाही. मला तरी वाटतं बाईंनी बोलताना 'सहनशील आहे' चं सोपं करून 'धीर धरते' केलं. पण ठामपणे कोण सांगणार.

वसईची_केळी

मला उलट वाटतं. पाठांतर जुनं झालं की वचनं पुढेमागे होतात, दर रविवारी बघतो मी. लोक पहिली ओळ म्हणायला जातात आणि जीभ शेवटच्या ओळीवर जाते. धीर धरते हे ताल धरून येतं, आशा धरते, धीर धरते, ते डोक्यात जास्त बसतं.

शाईची_बाटली

मग तळटिपेत १३:४ लिहू की १३:७? का दोन्ही?

माळ्यावरची_पेटी

तुमचं सगळं वाचतोय. मी चर्चमधला नाही, जुन्या पुस्तकांच्या छपाईचा नाद आहे म्हणून लिहितो. तुम्ही ज्या आकड्यांवरून वाद घालताय ते पौलाने लिहिलेलेच नाहीत. त्याचं पत्र पहिल्या शतकाच्या मध्यावरचं, साधारण ५३ ते ५५ च्या दरम्यानचं मानतात, आणि ते सलग होतं. अध्याय पाडले ते तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, ते काम स्टीफन लँग्टनच्या नावावर आहे, पुढे तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला. आणि नव्या कराराला आज चालतात ते वचनांचे आकडे दिले रोबेर एतिएन नावाच्या फ्रेंच मुद्रकाने, १५५१ च्या त्याच्या आवृत्तीत. म्हणजे पत्र लिहिल्यापासून जवळजवळ दीड हजार वर्षं 'तेरा चार' असं काही नव्हतंच.

याचा तुमच्या तळटिपेशी संबंध असा की एतिएनचे आकडे वाक्य संपलं तिथेच पडतात असं नाही. इथे तर ४ पासून ७ पर्यंत एकच लांब वाक्य चाललंय, मधे अर्धविराम आहेत, तेही निरनिराळ्या भाषांतरांत निरनिराळ्या जागी. त्यामुळे कुणी त्या माळेतले तीन मणी उचलले असतील तर एका आकड्यावर अडून बसण्यात अर्थ नाही, १३:४-७ असं पट्ट्याने द्यायचं. पुस्तकांत तसंच देतात.

नगरची_वेस

हे उत्तम. १३:४-७ दिलं की धीराचा प्रश्न पण आत येतो, चौथा घ्या नाहीतर सातवा.

फक्त ताई, एक गोष्ट मात्र प्रूफमध्ये डोळ्यात तेल घालून बघा. पुस्तकाच्या नावापुढचा १. करिंथकरांना दोन पत्रं आहेत आणि दुसऱ्यालाही तेरावा अध्याय आहे, त्यात चौथं वचनही आहे. तिथे ख्रिस्त अशक्तपणात वधस्तंभावर खिळला गेला पण देवाच्या सामर्थ्याने जिवंत आहे अशा अर्थाचं आहे. वाचक गेला तिथे तर त्याला वाटेल लेखिकेने काहीही संदर्भ दिलाय. आणि तिथे अकराव्या वचनात 'प्रीतीचा व शांतीचा देव' असा उल्लेख पण आहे, म्हणजे घाईत चाळणाऱ्याला वाटेल हेच असेल. गुलमोहरच्या पत्रिकेत झालं तेच इथे होऊ शकतं. पेत्राचंही तसंच, दोन पत्रं आहेत, पण दुसऱ्याला तीनच अध्याय आहेत, त्यामुळे तिथे ४:८ काढायला गेलं की चूक लगेच कळते. करिंथच्या बाबतीत ती कळत नाही, हाच धोका.

गुलमोहर_पिंपरी

प्रूफ दुरुस्त करायला सांगितलं, १ योहान ४:१८. वहिनीला दाखवलं, ती म्हणाली आमच्या पास्टरांना विचारते करिंथ टाकू का. तिच्या आईला म्हणे रूथचं आवडतं, तू जाशील तिथे मी येईन. ते नवराबायकोचं वचन आहे ना?

वसईची_केळी

रूथ १:१६. सुनेने सासूला म्हटलेलं आहे ते, रूथ नामीला म्हणते. लग्नात वाचतात तरी. पत्रिकेवर टाकायला हरकत काही नाही, वहिनींच्या आईंना आवडतं तर टाका.

सह्याद्री_सुत

मला एक समजलं नाही, बाईंनी ते भांडणाऱ्या नर्सेसना म्हणून दाखवलं. वचन जर लग्नाचं आहे तर तिथे कसं चालेल? म्हणून मला शत्रूवर प्रेम करा तेच वाटत होतं. बाईंच्या मनात तेच असेल आणि लिहिताना हे आलं असेल.

नगरची_वेस

लग्नाचं ते नंतर झालंय भाऊ. पत्र आहे करिंथ शहरातल्या मंडळीला, आणि ती मंडळी आपसात भांडत होती. पहिल्याच अध्यायात, १:१२ मध्ये, कुणी म्हणतो मी पौलाचा, कुणी म्हणतो मी अपुल्लोसाचा. सहाव्यात ते एकमेकांना कोर्टात खेचतायत. अकराव्यात प्रभुभोजनाला जमतात तर काही जण आधीच खाऊन घेतात, एक उपाशी राहतो आणि दुसरा प्यायलेला असतो, ११:२१ बघा. आणि बाराव्यात, चौदाव्यात वाद आहे की कुणाचं आध्यात्मिक दान मोठं, अन्य भाषांत बोलणाऱ्याचं की संदेश देणाऱ्याचं. या दोन्हींच्या बरोबर मधे तेरावा आहे.

म्हणून त्यातली 'नाही' ची यादी मोघम नाही. हेवा, बढाई, फुगणं, स्वार्थ पाहणं, हे सगळं ते लोक करत होते. 'फुगणे' हा शब्द तर याच पत्रात आधी पुन्हापुन्हा आलाय, चौथ्या अध्यायात, ५:२ मध्ये, आणि ८:१ ला 'ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते'. तोच शब्द १३:४ ला परत येतो. पत्र ओळीने वाचत आलेल्याला ते ऐकताना कान टोचणारच, कारण पौल त्यांना त्यांच्याच चुका मोजून दाखवतोय, फक्त प्रीतीचं नाव घेऊन.

तर बाईंनी हे वचन रात्रपाळीवरून अबोला धरलेल्या दोन सिस्टरांना म्हणून दाखवलं, ते मूळ पत्राच्या कारणाला लग्नपत्रिकेपेक्षा कितीतरी जवळचं आहे. मला तर वाटतं बाईंना संदर्भ चांगला ठाऊक होता. शाईताई, जागा असेल तर तळटिपेत एक ओळ याची पण टाका, की पत्र आपसात फूट पडलेल्या मंडळीला लिहिलेलं आहे. वाचकाला तो प्रसंग जास्त कळेल.

ओहायोचा_पक्या

हे मला नवीन आहे, आमच्याकडे इतकी वर्षं लग्नातच ऐकलंय. ११ ते १४ सलग वाचून काढतो आज.

माळ्यावरची_पेटी

मग बाईंनी पेत्राचं वाक्य का जोडलं त्याचाही अंदाज करता येतो. १ पेत्र ४:८ च्या पुढच्याच वचनात, ४:९ मध्ये, कुरकुर न करता एकमेकांचा पाहुणचार करा असं आहे. एकत्र राहणाऱ्या, एकत्र काम करणाऱ्या लोकांनाच सांगितलेलं आहे. रात्रपाळी, कुरकुर, सगळं जुळतंय. पण हा माझा तर्क.

वसईची_केळी

किंवा कुणा पाळकाने उपदेशात दोन्ही जोडून सांगितलं असेल आणि बाईंनी ते तसंच लक्षात ठेवलं. उपदेशात असं फार होतं, एकाच विषयावरची तीन-चार वचनं एका श्वासात म्हणतात, ऐकणाऱ्याला ते एकच वाटतं. वचनांची दिनदर्शिका असते तीत पण रोजचं एक आणि खाली जोडीचं दुसरं असतं. त्यामुळे 'पौलाचे वचन' म्हणताना बाईंना सगळंच पौलाचं वाटत असणार.

शाईची_बाटली

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांशी बोलले, त्यांच्याकडे आईचं बायबल आहे, जाडजूड, पुठ्ठा निघालेलं. फोनवरून पानं उघडायला लावली. बायबल सोसायटीचंच निघालं, म्हणजे वेसताईंनी शब्दांवरून ओळखलं होतं ते खरं. १ करिंथ १३ च्या पानावर पेन्सिलीने रेघ आहे, ४ पासून ५ च्या शेवटापर्यंत. ७ ला नाही. आणि ५ व्याच्या कडेला बारीक अक्षरात 'पेत्र' एवढंच लिहिलंय, आकडा नाही. मग १ पेत्र ४ उघडायला लावलं, तिथे ८ ला रेघ आहे, समासात काही लिहिलेलं नाही.

तर तळटीप अशी करतेय, बघून सांगा:

"पाहा, १ करिंथकरांस १३:४-५; शेवटचे वाक्य १ पेत्र ४:८ मधील. पहिले पत्र पौलाने करिंथ येथील आपसात कलह असलेल्या मंडळीला लिहिले होते."

मजकुरातलं 'पौलाचे वचन' मी बदलणार नाही, बाईंचं आहे ते तसंच राहू दे. 'प्रेम' चं 'प्रीती' पण करणार नाही.

नगरची_वेस

समासातलं 'पेत्र' वाचून फार बरं वाटलं. म्हणजे बाईंनीच जोडलंय, आणि कुठून जोडलंय हे त्यांना माहीत होतं. तळटीप चांगली आहे. एकच, 'पहिले पत्र' म्हटल्यावर पेत्राचं पहिलं का करिंथचं पहिलं असा गोंधळ होईल, कारण दोन्ही पहिलीच आहेत. तिथे 'करिंथकरांस लिहिलेले पत्र' असं करा.

वसईची_केळी

रेघ ४-५ ला आहे म्हणून धीर चौथ्यातला, हे अजून मला पूर्ण पटलेलं नाही. रेघ त्या प्रसंगाच्या आधीची की नंतरची कोण जाणे. मी असतो तर ४-७ च दिलं असतं, त्यात काही बिघडत नाही. बाकी सुबोध बायबल, फादर दिब्रिटोंचं, ते पण एकदा बघून घ्या ताई, कॅथलिक वाचक तुमचं पुस्तक वाचतील तेव्हा त्यांच्या हातात ते असेल, शब्द थोडे वेगळे वाटतील पण आकडे तेच राहतील.

माळ्यावरची_पेटी

मी पण ४-७ च्या बाजूने. पेन्सिलीची रेघ हा पुरावा बाईंनी काय वाचलं त्याचा आहे, त्या दिवशी काय म्हटलं त्याचा नाही.

शाईची_बाटली

मुलांना दोन्ही पर्याय पाठवलेत, त्यांची आई, त्यांनी ठरवावं. 'करिंथकरांस लिहिलेले पत्र' अशी दुरुस्ती केली. अजून एक वचन आहे हस्तलिखितात बिनसंदर्भाचं, रुग्णाच्या उशाशी बसण्याबद्दलचं, त्यासाठी वेगळा धागा काढते, तिकडे या सगळ्यांनी.